फोटोला क्लोकिंग केलं की फेसस्वॅप थांबतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात घोडबंदर रोडच्या आणि खाडीपलीकडे ऐरोलीच्या काही सोसायट्यांमध्ये मी मोबाइल-सुरक्षेवर बोलायला जातो. हल्ली तिथे एकच विषय निघतो: फोटोवर डोळ्यांना न दिसणारा थर चढवला, म्हणजे क्लोकिंग केलं, की त्यातला चेहरा कुणी दुसऱ्या व्हिडिओवर लावू शकत नाही, हे खरं का? त्या निमित्ताने आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. प्रशिक्षण, एडिटिंग, रेकग्निशन असे फाटे बरेच आहेत. मी मुख्यतः एकाच प्रकाराबद्दल बोलणार आहे: कुणीतरी तुमचा एक फोटो उचलतो आणि तयार फेसस्वॅप टूलमध्ये टाकतो. सर्वसामान्य माणसाच्या वाट्याला बहुधा हाच प्रकार येतो.

क्लोकिंग म्हणजे नेमकं काय करतात?

फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येक ० ते २५५. क्लोकिंगचं सॉफ्टवेअर हे आकडे किंचित वरखाली करतं. किती, याची मर्यादा आधी ठरवलेली असते. संशोधनात ८ किंवा १६ ही मर्यादा नेहमी दिसते. गालावरच्या एका पिक्सेलचा लाल आकडा १८४ असेल तर तो १९२ होईल किंवा १७६. तुम्हा-आम्हाला फरक जाणवत नाही, निदान मोबाइलच्या स्क्रीनवर तरी.

हे बदल मनाला येईल तसे केलेले नसतात. सॉफ्टवेअर चेहरा ओळखणारं एक एआय मॉडेल हाताशी घेतं आणि प्रत्येक पिक्सेलबद्दल त्याला विचारतं: हा कुठल्या दिशेने हलवला तर तुझं उत्तर जास्त चुकेल? त्या दिशेने जरासं हलवतं, पुन्हा विचारतं, पुन्हा हलवतं. अशा बऱ्याच फेऱ्या झाल्या की फोटो आपल्याला तसाच दिसतो, पण त्या मॉडेलला त्यात दुसराच कुणी माणूस दिसू लागतो. मॉडेलला असं फसवता येतं हे २०१३ पासून माहीत आहे. क्लोकिंगने तीच खोड आपल्या बाजूने वापरली.

पण फेसस्वॅपवाला चेहरा ओळखत कुठे बसतो? तो तर नुसता चिकटवतो ना?

चिकटवत नाही, गोम इथेच आहे. कात्रीने कापून लावल्यासारखा स्वॅप आता कुणी करत नाही. आजची बहुतेक एका-फोटोची टूल्स अशी चालतात: आधी तुमच्या फोटोत चेहरा शोधला जातो. मग पाच खुणा धरल्या जातात, दोन डोळे, नाकाचं टोक आणि तोंडाचे दोन कोपरे. त्या खुणा ठरावीक जागी येतील असा चेहरा फिरवून, लहान करून एक चौकोन कापला जातो. हा चौकोन बहुधा ११२ × ११२ पिक्सेलचा असतो, म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढाच. तो चौकोन ओळखीच्या मॉडेलला दिला की ते ५१२ आकड्यांची एक ओळ देतं. याला एम्बेडिंग म्हणतात. समजा ही तुमच्या चेहऱ्याची कुंडली.

इथून पुढे तुमच्या फोटोचं काम संपलं. दुसऱ्या व्हिडिओतल्या माणसाचा चेहरा त्या ५१२ आकड्यांबरहुकूम नव्याने रंगवला जातो आणि जागेवर बसवला जातो. वरून चेहरा धारदार करणारं आणखी एखादं मॉडेल फिरवलं जातं.

म्हणजे क्लोकिंगला एकाच ठिकाणी घाव घालायचा आहे, त्या ५१२ आकड्यांवर. ते बिघडले तर व्हिडिओत कुणीतरी तिऱ्हाईत दिसेल. स्वॅप होईलच, टूल कुठलाही एरर दाखवणार नाही, फक्त तो चेहरा तुमचा नसेल. ‘फोटो लॉक होतो’ असं जे सांगितलं जातं ते म्हणूनच दिशाभूल करणारं आहे.

मग प्रयोगशाळेत चालतं ते माझ्या फोटोवर का चालत नाही?

तुम्ही क्लोक केलेली फाइल आणि त्या मॉडेलसमोर येणारा चौकोन यांच्यात बराच प्रवास होतो म्हणून. एक फोटो घेऊन हा प्रवास पाहू.

उपवन तलावाच्या काठावर मोबाइलने काढलेला उभा फोटो आहे, ३००० × ४००० पिक्सेलचा. त्यात चेहऱ्याची रुंदी धरा ८०० पिक्सेल. घरी येऊन तुम्ही त्यावर ±८ चा थर चढवला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. समजा मेसेजिंग ॲपने लांब बाजू ४००० वरून १६०० वर आणली. चेहरा झाला ३२० पिक्सेलचा. म्हणजे आधीचे सुमारे सहा पिक्सेल मिळून आता एक पिक्सेल. त्या सहांपैकी तीन +८ ने आणि तीन −८ ने हलवलेले असतील तर सरासरीत उरलं शून्य. सगळे अगदीच एकमेकांना मारत नाहीत, पण बारीक दाणेदार थर असेल तर ±८ चा जोर ३ च्या आसपास घसरतो.

मग जेपीजी. जेपीजी चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे ठोकळे पाडतं आणि डोळ्याला न कळणारी बारीक हालचाल फेकून देतं. फाइल लहान होते ती त्यामुळेच. शिवाय रंगाची माहिती बहुधा निम्म्या रुंदी-उंचीवर साठवली जाते. आता गंमत बघा, क्लोकिंग लपतं ते नेमकं डोळ्याला न कळणाऱ्या बारीक हालचालीतच, आणि जेपीजी तीच जागा झाडून काढतं. फेकणाऱ्याला क्लोकिंग हा शब्दही माहीत नसतो, त्याला फक्त तुमच्या डेटा पॅकची काळजी.

त्यानंतर कुणी त्या फोटोचा स्क्रीनशॉट घेतला, तो पुन्हा फॉरवर्ड झाला, तर हेच पुन्हा. आणि शेवटी टूल स्वतः ३२० चा चेहरा ११२ वर आणतं, वाकडा असेल तर फिरवून. या सगळ्यातून जे उरतं त्यानेच ५१२ आकडे हलायला हवेत.

मग थर जाड का करत नाहीत? किंवा बारीक दाण्याऐवजी मोठ्या ठिपक्यांचा?

करतात. चांगल्या पद्धती थर बनवतानाच फोटो मध्येमध्ये लहान करून, जेपीजीतून काढून पाहतात, म्हणजे त्यातूनही टिकेल असाच बदल उरतो. असा बदल अर्थातच ऐसपैस असतो. शेजारचे वीसेक पिक्सेल एकाच दिशेने हलले तर लहान केल्यावरही ते तसेच राहतात.

पण मग तो दिसतो. गालावर डाग, कपाळावर पाण्याचा ओघळ वाळल्यासारखी रेष, नाकाजवळ हिरवट छटा. सावळ्या, एकसारख्या उजेडातल्या त्वचेवर तर लगेच डोळ्यात भरतो. ऐरोलीच्या एका ताईंनी मला असा फोटो दाखवून विचारलं होतं, “दादा, कॅमेऱ्याची काच पुसायची राहिली का हो?” त्या फोटोला वाकून जवळून बघितलं तर भुवईच्या वर बोटभर पट्टा किंचित जांभळा होता. लग्नासाठी नावनोंदणी करताना असा फोटो कोण देईल?

टिकायचं तर दिसावं लागतं, दिसायचं नाही तर टिकत नाही. या पेचातून पूर्ण सुटका करणारी पद्धत माझ्या पाहण्यात नाही.

फॉक्स नावाचं सॉफ्टवेअर ऐकलंय. ते चालेल का?

Fawkes शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये आणलं, आणि ते वेगळ्या दुखण्यावरचं औषध आहे. कुणी इंटरनेटवरून तुमचे भरपूर फोटो गोळा करून चेहरा ओळखणारी यंत्रणा शिकवली, तर ती चुकीचं शिकावी, हा त्याचा हेतू. स्वॅप थांबवणं हा नव्हे.

त्या वेळेपासून एक आक्षेप मात्र दोन्हीकडे लागू पडतो. ट्रामर, कार्लिनी आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये तो नीट मांडला: फोटो एकदा टाकला की तो गोठला, पण समोरचा थांबून राहू शकतो. आज तुमचा थर आजच्या मॉडेलला फसवेल. दोन वर्षांनी नवं मॉडेल आलं की तोच जुना फोटो काढून त्यात टाकता येतो, आणि तुम्हाला तो थर सुधारायला दुसरी संधी नसते.

तसंच एमआयटीचं २०२३ चं PhotoGuard. ते एआय एडिटिंगच्या विरोधात आहे, म्हणजे ‘या फोटोतल्या माणसाला सूट घाल’ असं सांगून चित्र बदलणाऱ्या मॉडेलसाठी. तिथे घाव वेगळ्या ठिकाणी घातला जातो. एकासाठीचा थर दुसऱ्यावर चालेलच असं धरू नका. दुकानात ‘ऑल इन वन’ लिहिलेलं दिसलं की मी तरी पुढे जातो.

मी लावलेला थर काम करतोय का, हे कसं कळणार?

डोळ्यांनी कळणार नाही. मोजावं लागेल. घरात कुणी पायथॉन जाणणारं असेल तर हे एवढंच पुरे:

```python
import cv2
from insightface.app import FaceAnalysis

app = FaceAnalysis(name="buffalo_l")
app.prepare(ctx_id=-1)

def v(path):
    return app.get(cv2.imread(path))[0].normed_embedding

print(v("mool.jpg") @ v("parat.jpg"))
```

`mool.jpg` म्हणजे थर नसलेला मूळ फोटो. `parat.jpg` म्हणजे क्लोक केलेला फोटो ग्रुपवर पाठवून, दुसऱ्या फोनवर उतरवून, तिथून परत आणलेला. हा फेरा महत्त्वाचा. बहुतेक लोक क्लोक केलेली फाइल थेट लॅपटॉपवरूनच तपासतात आणि खूश होतात.

आकडा १ च्या जवळ आला तर मॉडेलला दोन्ही चेहरे एकाच माणसाचे वाटतात, म्हणजे थर धुऊन गेला. अनोळखी दोन माणसांचा आकडा साधारण शून्याच्या आसपास राहतो. तुम्हाला तो खाली, शून्याकडे यायला हवा. ०.९ वरून ०.७ वर आला तर उपयोग नाही, कारण एकाच माणसाच्या दोन वेगवेगळ्या दिवशीच्या साध्या फोटोंतही एवढा फरक पडतो आणि स्वॅप तरीही ओळखू येईल असा होतो. फोटोत दोन चेहरे असतील तर आधी कापून एकच ठेवा, नाहीतर `[0]` भलताच चेहरा उचलेल.

आणि हो, हा आकडा एका मॉडेलचा. दुसरं टूल दुसरं मॉडेल वापरत असेल तर तिथे वेगळा येईल. ओळखीची मॉडेल्स एकमेकांसारखी शिकलेली असतात म्हणून थर थोडाफार इकडचा तिकडे चालतो, पण थोडाफारच.

त्यापेक्षा फोटो कमी रिझोल्यूशनचा टाकला तर?

मला हा प्रश्न फार आवडतो, कारण विचारणाऱ्याने डोकं वापरलेलं असतं. पण वर ११२ चा आकडा आला तो आठवा. चेहरा शंभर-सव्वाशे पिक्सेलचा असला तरी टूलचं भागतं. डीपीमध्ये चेहरा जवळून असेल तर तेवढे पिक्सेल आरामात मिळतात. खरा फरक पडायचा तर चेहरा ४०-५० पिक्सेलवर यायला हवा, म्हणजे मासुंदा तलावावर लांबून काढलेला पूर्ण देखावा आणि त्यात कोपऱ्यात तुम्ही. असे फोटो टाका, चांगलेच दिसतात.

वॉटरमार्क? काळा चष्मा? बाजूने काढलेला फोटो?

छातीवर किंवा कोपऱ्यात टाकलेल्या वॉटरमार्कचा उपयोग नाही, चौकोन कापताना तो बाहेरच राहतो. काळ्या चष्म्याने आणि पूर्ण बाजूच्या फोटोने एम्बेडिंग खराब होतं, ते क्लोकिंगपेक्षा जास्त भरवशाचं, कारण जी माहिती फोटोत नाहीच ती लहान करून किंवा धारदार करून परत येत नाही. चेहऱ्यावर मोठा स्टिकर लावला तर प्रश्नच मिटला. लहान मुलांच्या बाबतीत पुष्कळ आया हेच करतात, ते बरोबर आहे.

‘मी माझे फोटो वापरायची परवानगी देत नाही’ असं स्टेटस कॉपी-पेस्ट करणाऱ्यांना काय सांगणार.

मी आजपासून सगळे फोटो क्लोक करून टाकले तर?

एका-फोटोच्या स्वॅपला एकच फोटो लागतो. तुमच्या क्लोक केलेल्या शंभर फोटोंशी त्याला देणंघेणं नाही, तो न केलेला एक शोधतो. तो कुठे असतो? २०१६ ची फेसबुक पोस्ट, शाळेच्या गॅदरिंगचा अल्बम, सोसायटीच्या गणपतीत कमिटीने टाकलेले फोटो, नणंदेच्या साखरपुड्याचं रील, ऑफिसच्या वेबसाइटवरचं ‘आमची टीम’. यातले बहुतेक तुमच्या हातात नाहीत. रीलमधल्या प्रत्येक सेकंदात पंचवीस-तीस फ्रेम असतात, त्यातली एखादी समोरून स्वच्छ निघतेच. काही टूल्स तर अनेक फोटोंच्या एम्बेडिंगची सरासरी काढतात, म्हणजे एखाददुसरा क्लोक केलेला फोटो मिसळला तरी त्याचा परिणाम पातळ होतो.

माझ्या मते सामान्य माणसासाठी क्लोकिंगची सर्वात मोठी मर्यादा हीच आहे. गणितातली नव्हे, अल्बममधली. जिचा इंटरनेटवर एकही फोटो नाही अशी नुकतीच कॉलेजला लागलेली मुलगी आणि ज्याचे दहा वर्षांचे फोटो सार्वजनिक आहेत असे तिचे वडील, या दोघांना एकच सल्ला देता येत नाही. मुलीला थोडा उपयोग होऊ शकेल. वडिलांनी तो वेळ जुने अल्बम ‘फक्त मित्रांसाठी’ करण्यात घालवावा.

मोफत ॲप आहे, फोटो अपलोड केला की क्लोक करून देतं. वापरू का?

नको. तुमचा थर नसलेला, मोठा, स्वच्छ, समोरून काढलेला फोटो तुम्ही अनोळखी सर्व्हरला स्वतःहून देताय. कॉम्प्युटरवरच, इंटरनेट बंद ठेवूनही चालतं असंच सॉफ्टवेअर घ्या. ग्राफिक्स कार्ड नसेल तर एका फोटोला बराच वेळ लागतो. एखादं ॲप दोन सेकंदांत ‘प्रोटेक्टेड’ म्हणत असेल तर वरच्या कोडने मोजून बघा, काय केलं ते कळेल.

आधार, पासपोर्ट, बँकेच्या केवायसीला क्लोक केलेला फोटो दिला तर?

देऊ नका. तिथे यंत्राने तुम्हाला ओळखावं अशीच तुमची इच्छा असते.

कुणी मुद्दाम थर काढायचं ठरवलं तर?

काढता येतो. फोटो जरा धूसर करून पुन्हा धारदार करणं, त्यावर साधा नॉइज टाकून चित्रं बनवणाऱ्या डिफ्यूजन मॉडेलकडून साफ करून घेणं, असे मार्ग संशोधनात उघड मांडलेले आहेत. कलाकारांच्या चित्रांना संरक्षण देणाऱ्या अशाच थरांवर २०२४ मध्ये एका संशोधक गटाने दाखवलं की फोटो मोठा करणाऱ्या तयार टूलसारखी सहज मिळणारी साधनंही पुष्कळदा पुरतात. पण खरं सांगायचं तर सूड म्हणून स्वॅप करणारा माजी मित्र एवढी मेहनत घेतच नाही. त्याचं काम ॲपची कम्प्रेशन आणि चेहरा धारदार करणारं फिल्टर आपोआप करून टाकतात.

एवढं असूनही लावावं का?

नवा, समोरून काढलेला, सार्वजनिक ठिकाणी राहणारा फोटो असेल, जुने फोटो बाहेर नसतील, आणि फेरा मारून मोजल्यावर आकडा खाली येत असेल, तर लावा. लिंक्डइनचा फोटो हे त्यातल्या त्यात बरं उदाहरण. फॅमिली ग्रुपवरच्या रोजच्या फोटोंसाठी मी लावत नाही.

स्वॅप झालाच तर काय करायचं?

फोटो-व्हिडिओ डिलीट व्हायच्या आत पुरावा ठेवा: पूर्ण लिंक, अकाउंटचं नाव, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट. ‘बघा काय केलंय’ म्हणून स्वतः फॉरवर्ड करू नका. स्वॅप कुठल्या फोटोवरून झाला हे ओळखू येत असेल तर तो मूळ फोटोही बाजूला ठेवा, तपासात उपयोगी पडतो.

प्लॅटफॉर्मकडे तक्रार करा. २०२१ च्या आयटी नियमांत मॉर्फ केलेल्या चित्रांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि अशा तक्रारीवर पावलं उचलायला प्लॅटफॉर्मला आधी २४ तासांची मुदत होती, २०२६ च्या सुधारणेने ती दोन तासांवर आणली. तक्रार तुम्ही किंवा तुमच्या वतीने दुसऱ्या कुणी केली तरी चालते. सोबत cybercrime.gov.in वर नोंद करा. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन.

व्हिडिओ अश्लील असेल तर stopncii.org वर जा. तिथे तुमच्याच फोनवर त्या फाइलचा हॅश, म्हणजे आकड्या-अक्षरांचा ठसा, बनतो, फाइल बाहेर जात नाही, आणि सहभागी प्लॅटफॉर्म तो हॅश जुळवून व्हिडिओ रोखतात. हे अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे. अल्पवयीन मुलांसाठी takeitdown.ncmec.org आहे.

आम्ही राहतो घोडबंदरला, मुलगी ऐरोलीच्या कॉलेजात, व्हिडिओ टाकणारा पनवेलचा. तक्रार कुठे?

ठाणे आणि नवी मुंबई ही वेगळी पोलीस आयुक्तालयं आहेत, आणि घोडबंदर रोडचं मीरा रोडकडचं टोक तिसऱ्याच आयुक्तालयात येतं. ‘हे आमच्या हद्दीत नाही’ असं ऐकू येऊ शकतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता घ्यावी लागते, मग ती योग्य ठाण्याकडे वर्ग होते. जवळच्या पोलीस ठाण्यात जा, पोर्टलवरच्या नोंदीचा क्रमांक सोबत न्या आणि लिंका कागदावर छापून न्या. मोबाइलवर दाखवलेली लिंक लिहून घेताना एक अक्षर चुकलं तरी पुढे काही उघडत नाही.